शून्य आठवडा

अनुवादाच्या मानधनावर घर चालत नाही, म्हणून गेली काही वर्षं मी जाहिरातींचा मजकूर मराठीत आणि हिंदीत करून देते. त्यातलं एक काम पावसाळ्याचं. एक रेनकोट विकणारा आणि एक गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार, अशी दोन गिऱ्हाइकं. लोक गूगलवर कधी, काय शोधतात ते पाहून जाहिरातीचे शब्द आणि तारखा ठरवायच्या.

सुरुवात Google Trends पासून होते. तिथला आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातल्या आणि प्रदेशातल्या सर्वांत वरच्या टोकाला १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात मांडलेलं असतं. म्हणून महाराष्ट्राचे १०० आणि तमिळनाडूचे १००, वेगवेगळे काढले असतील तर, एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. पाच वर्षांपर्यंतचा काळ मागितला तर आठवड्यागणिक आकडे मिळतात, त्याहून जास्त मागितला तर महिन्यागणिक; आणि महिन्याच्या आकड्यात पहिला पाऊस हरवून जातो.

खरी मेख पुढे आहे. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२३ साली तो २५ जूनला आला, २०२४ला ९ जूनला आणि २०२५ला चक्क २६ मे रोजी. रेनकोटचा शोध पहिल्या सरींबरोबर उसळतो आणि लवकरच ओसरतो. समजा, दरवर्षी पाऊस आल्याच्या आठवड्यात आकडा ९० आणि इतर वेळी १५ असतो. कॅलेंडरच्या तारखा जुळवून तीन वर्षांची सरासरी काढली, तर त्या कोणत्याही आठवड्यात ९०, १५, १५ मिळून ४० येतात. कागदावर महिनाभर पसरलेली एक बुटकी टेकडी दिसते, जी प्रत्यक्षात एकाही वर्षी नव्हती. तिच्यावर विसंबून पैसे महिनाभर सारखे वाटले, की ऐन आठवड्यात ते कमी पडतात.

उपाय साधा आहे. ज्या आठवड्यात पाऊस आला त्याला शून्य म्हणायचं आणि पुढचेमागचे आठवडे त्यापासून मोजायचे. Trends चा आठवडा रविवारी सुरू होतो; म्हणजे वरच्या तीन वर्षांचे शून्य आठवडे २५ जून, ९ जून आणि २५ मेचे. असं रचलं की टोक पुन्हा टोक दिसतं, आणि त्याआधी एक आठवडा मागणी किती हलते तेही कळतं. रेनकोट घरपोच व्हायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा जाहिरातीला कामाचा आठवडा तोच.

शून्य आठवडा आधी कसा ओळखायचा? केरळात पाऊस आला की दहा दिवसांनी मुंबईत, हा हिशेब २०२४ला तंतोतंत जुळला. २०२३ला मात्र सतरा दिवस लागले आणि २०२५ला दोनच. म्हणून आम्ही तारीख ठरवत नाही. मजकूर मेच्या मध्यापर्यंत तयार ठेवतो, थोड्या पैशांत चालवतो आणि हवामान खात्याचा चार-पाच दिवसांचा अंदाज पाहून खर्च वाढवतो. महाराष्ट्राच्या आकड्यात विदर्भही असतो, तिथे पाऊस बहुधा मागाहून पोचतो. त्यामुळे टोकाला कधी कधी दुसरा खांदा फुटतो. चेन्नईचा मोठा पाऊस तर ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तिथे मुंबईचं वेळापत्रक उचलून नेता येत नाही.

वॉटरप्रूफिंगची गोष्ट वेगळी, आणि तिथे शब्द माझ्या हाती येतात. एप्रिल-मेमध्ये लोक उपायाचं नाव शोधतात: terrace waterproofing. जुलैत ते दुखणं टाइप करतात: slab leakage. हिंदीत ‘छत’ म्हणजे पायाखालची गच्चीही आणि डोक्यावरचं छतही. मराठीत आपण गच्ची आणि छत वेगळं ठेवतो. तमिळमध्ये गच्ची ‘मोट्टै माडी’, म्हणजे जणू मुंडण केलेला मजला. एकच शब्द सगळीकडे उलथवून चालत नाही. शिवाय नुसत्या waterproof या शब्दावर जाहिरात लावली, तर काजळ आणि मोबाइल शोधणारेही टिचकी मारतात. कोणत्या शोधांवर पैसे गेले ती यादी दर आठवड्याला वाचून mascara सारखे शब्द वगळावे लागतात.

पण जुलैतला शोध कितीही मोठा असला, तरी त्याच वेळी काम विकता येईलच असं नाही. गच्चीवरच्या बहुतेक लेपांना कोरडा पृष्ठभाग लागतो. ओल्या स्लॅबवर तो धरत नाही, फुगतो, सुटतो. कंत्राटदाराला जुलैच्या जाहिरातीत ‘आजच गळती बंद’ हवं होतं. मी लिहून दिलं, ‘आत्ता तपासणी, पाऊस थांबल्यावर काम’. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, “दादा, बादली लावून बसलेल्या माणसाला ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगणं जड आहे. पण आज पैसे घेऊन ऑगस्टमध्ये त्याच्याच पलंगावर पाणी पडलं, तर तो पुढच्या वर्षी काय शोधेल?” त्याने ओळ तशीच ठेवली; सोबत मार्चपासून जाहिरात सुरू करायचंही ठरलं, कारण काम करायला तेव्हा कोरडे महिने हातात असतात.