मी मांकी

मे महिन्याचा दुसरा रविवार. आपल्यासारखाच इटलीतही आज मदर्स डे. मी पुण्यात व्हॉट्सॲप उघडून बसले होते आणि चार ओळी सुचत नव्हत्या.

सतराव्या वर्षी मी पेरूजाला एका घरात दहा महिने राहिले. त्या घरातल्या बाईंना आधी 'सिन्योरा' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, मला 'तू' म्हण. आईला आपण तूच म्हणतो, त्यामुळे 'माम्मा' म्हणणंही मग सोपं गेलं. ओल्या केसांनी बाहेर पडले की ती दारातूनच ओरडायची. तेव्हा तर ती अगदी आपल्याकडचीच वाटायची.

परत आल्यावर पहिल्या मदर्स डेला मी तिला लिहिलं, 'ती मांको.' इंग्रजीतल्या 'आय मिस यू'वरून जुळवलेलं. तिचं उत्तर आलं, 'सी. तांतो.' हो, खूप.

हे उत्तर मला विचित्र वाटलं. मग पुस्तक काढून बघितलं. इटालियनमध्ये हे वाक्य उलटं चालतं. जिची आठवण येते ती कर्ता, आणि ज्याला येते तो 'मला'. म्हणजे मी तिला लिहिलं होतं, 'तुला माझी आठवण येते.' तिने चूक न दाखवता नुसतं 'हो' म्हटलं होतं.

बरोबर वाक्य आहे 'मी मांकी'. इथला 'मी' म्हणजे मराठीतलं 'मला', आणि 'मांकी' म्हणजे 'तू उणी आहेस'. मला तू आठवतेस. रचना अगदी आपलीच! मराठीतून विचार केला असता तर चुकलेच नसते.

त्यानंतर तीन वर्षं मी काहीच लिहिलं नाही. आधी परीक्षा, मग नोकरी. मग भाषा गंजली म्हणून लाज, आणि लाजेमुळे आणखी उशीर.

आज शेवटी लिहिलं: 'चाओ माम्मा. तांती आउगुरी. मी मांकी. ती वोल्यो बेने.' खूप शुभेच्छा, तू आठवतेस, आणि शेवटचं ते प्रेमाचं वाक्य. 'ती आमो' म्हणतात ते प्रियकर-प्रेयसीला. आईला, भावाला, मैत्रिणीला 'ती वोल्यो बेने'. शब्दशः अर्थ, तुझं भलं इच्छिते. माझ्या आईला मी 'आय लव्ह यू' कधी म्हणू शकले नाही, पण हे म्हणू शकेन असं वाटतं.

उशीर का झाला, ते लिहिलं नाही. पाठवायच्या आधी फक्त एक ओळ वाढवली: 'ओ ई कापेल्ली आश्शुत्ती.' माझे केस कोरडे आहेत.

दोन मिनिटांत तिचा फोन आला.