परवा आणि नरवा

नांदेड, बुधवार

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. लातुरास तुझ्या वर्गातील मुलांनी ‘नरवा’ या पदास इंग्रजी प्रतिशब्द विचारला आणि तुला फळ्यावर एक लांबलचक वाक्यखंड लिहावा लागला, हे वाचले. इंग्रजीतही उद्याच्या पलीकडील दिवसास ‘ओव्हरमॉरो’ असे पद एके काळी होते. ते प्रचारातून गेले आणि वाक्यखंड तेवढा राहिला. मात्र त्या वाक्यखंडात दिवस पुढचा की मागचा हे स्पष्ट असते, आणि आपला परवा नेमके तेच सांगत नाही.

संस्कृतातील श्वः आणि परश्वः ही दोन्ही पदे भविष्याकडेच पाहतात. परंतु परश्वःपासून आलेला आपला परवा दोन्ही दिशांना चालतो. आपल्या शेजारची दखनी ‘कल’ या एकाच शब्दावर काल आणि उद्या दोन्ही भागवते; मराठीने ते दोन दिवस वेगळे राखले, आणि त्यापलीकडे गेल्यावर मात्र परवा नि नरवा यांना केवळ अंतर मोजावयास ठेवून दिशेचा अखत्यार क्रियापदाकडे सोपविला. पाहुणे परवा आले, पाहुणे परवा येतील, यांत संदेह उरत नाही. पण ‘परवा मी लातुरास जातो’ एवढ्यावर वाक्य थांबले तर तो पुढचा बेत वाटतो, आणि ‘परवा मी लातुरास जातो अन् पाहतो तर काय, आडत बंद!’ म्हटले की तीच क्रिया घडून गेलेली ठरते. क्रियापदच गाळले, जसे ‘बैठक परवा’, तर ‘येत्या’ किंवा ‘गेल्या’ जोडल्यावाचून गत्यंतर नाही. (फारसीतून आलेल्या ‘गुदस्ता’ला ही अडचण नाही, तो गेल्या सालाशीच बांधलेला आहे.)

आणखी एक भेद मुलांना अवश्य सांग. मागचा परवा सैल असतो. ‘परवाच भेटलो’ म्हणणाऱ्याच्या मनात चार-आठ दिवसही असू शकतात. पुढच्या परव्याचा वायदा मात्र नेमका असतो, आणि नरवा म्हणणारा तर बहुधा मनाशी दिवस मोजूनच बोलतो. तिकडे पुण्याकडील माणूस त्याच दिवसास तेरवा म्हणेल.

ही पदे समोरासमोरच्या बोलण्यात जितकी चोख, तितकीच पत्रात घातक, कारण त्यांची गणना बोलणाऱ्याच्या ‘आज’पासून सुरू होते. मी आज ‘नरवा येतो’ असे लिहिले तर माझ्या हिशेबी तो शनिवार. पत्र तुझ्या हाती शुक्रवारी पडले आणि तू तेथून मोजू लागलास, तर तुझा नरवा सोमवारी येईल, नि मी दाराशी उभा असताना तू भलत्याच गावी असशील. कचेरीच्या कागदांत पेशीची तारीख आकड्यांत घालण्याची वहिवाट आहे, ती याचकरिता.

तस्मात् मी शनिवारी, दुपारच्या सुमारास लातुरास पोहोचतो. ताईस नमस्कार सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा