बीपी बसून मोजलं, माणूस उभा राहिल्यावर पडला

ज्येष्ठांच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या मी गेली कित्येक वर्षं करतोय. नेत्याचा वाढदिवस, चौकात फ्लेक्स आणि मांडवात खुर्चीवर बसवून म्हाताऱ्या माणसांचं बीपी. एकाही शिबिरात कुणाला उभं करून बीपी मोजलेलं मी पाहिलं नाही. हे का खटकतंय ते आमच्या शेजारच्या अण्णांच्या उदाहरणावरून सांगतो. त्यांची आणि काकूंची परवानगी घेऊनच लिहितोय.

अण्णा ७९ वर्षांचे. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. वजन जेमतेम ४८ किलो, साखर पंधरा वर्षांपासून. दोन महिन्यांत तीनदा पडले. दोनदा रात्री लघवीला उठल्यावर, एकदा सकाळी अंथरुणातून उठून दाराशी जाताना. तिसऱ्या वेळी कपाळाला टाके पडले. प्रत्येक वेळी ऐकायला काय मिळालं? "आता वय झालं." आणि सोबत चक्कर थांबायची गोळी.

मुलगा त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिशियन मॅडमकडे घेऊन गेला, मीही बरोबर होतो. मॅडमनी आधी विचारलं, "घरातल्या सगळ्या गोळ्या आणल्यात का?" काकूंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. मग मॅडमनी अण्णांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजलं. १५२/८४, नाडी ७४. पट्टा दंडावर तसाच ठेवून त्यांना उभं केलं, नर्स शेजारी धरायला. एका मिनिटाने १२४/७२. तीन मिनिटांनी ११६/७०, नाडी फक्त ८०. "डोळ्यापुढं अंधारी येतीय," अण्णा म्हणाले, तसं त्यांना लगेच बसवलं.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो आजार समजायचा. अण्णांचा वरचा आकडा ३६ ने उतरला होता. बसून मोजलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. उलट चार-पाच महिन्यांपूर्वी शिबिरात बसून १४६ आलं, म्हणून "बीपी जास्त आहे" असं सांगून गोळी वाढवून दिली होती.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. तेव्हा शरीर रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदय जरा जोरात पळतं, म्हणून डोक्याला रक्त कमी पडत नाही. हे काम नसा करतात. जुन्या साखरेने त्या नसा मंद होतात. बीपी इतकं उतरूनही नाडी सहानेच वाढली, यावरून मॅडमना ते कळलं. अंगातलं पाणी कमी झालं असतं किंवा आतून रक्त जात असतं, तर नाडी चांगलीच पळाली असती.

पण नसा काही दोन महिन्यांत बिघडत नाहीत. म्हणून मॅडमनी गोळ्या तारखेप्रमाणे ओळीने मांडल्या. मला बातमीचा माग काढतात तसंच वाटलं. दीड वर्षापूर्वी पायांची आग होते म्हणून एका डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन २५ दिली. तिने तोंड कोरडं पडलं आणि लघवी अडखळायला लागली. लघवीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची टॅमसुलोसिन दिली. ती लघवीची वाट सैल करते, पण थोड्या रक्तवाहिन्याही सैल करते. मग शिबिरात टेल्मिसार्टन ४० च्या जागी पाणी काढणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी आली. चक्कर सुरू झाली, तेव्हा तिसऱ्या ठिकाणी प्रोक्लोरपेराझिन मिळाली. ही चक्करची गोळी स्वतःच बीपी उतरवते आणि म्हाताऱ्या माणसात हात थरथरणं, चाल मंदावणं असली दुखणी आणते. अण्णांचा हात थरथरतच होता, घरचे म्हणत होते कंपवात. यात एकाही डॉक्टराने चुकीचं औषध दिलं असं नाही. पण सगळी पिशवी एकत्र कुणीच पाहिली नव्हती.

मुलाला वाटलं आता सगळं बंद. मॅडम म्हणाल्या, "एका वेळी एकच. नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, कळणार नाही."

रक्त तपासलं तर सोडियम १२८ निघालं. १३५ च्या वर असायला हवं. म्हणून पहिला नंबर पाणी काढणाऱ्या औषधाचा, टेल्मिसार्टन एकटी ठेवली. आठवड्याने चक्करची गोळी थांबवली. मग ॲमिट्रिप्टिलिन २५ वरून १० आणि दोन आठवड्यांनी बंद. पायांची आग थोडी परत आली, त्यावर लावायचं मलम दिलं, अण्णा सोसतात. लघवी मात्र मोकळी झाली. शेवटी प्रोस्टेटच्या डॉक्टरांशी बोलून, सोनोग्राफीत लघवीनंतर पिशवीत फारसं काही उरत नाही हे पाहून, टॅमसुलोसिन थांबवून बघितली. तुंबली तर त्याच दिवशी यायचं, अशी ताकीद होती. प्रत्येक बदलानंतर आडवं आणि उभं बीपी मोजलं, आकडे काकूंनी कॅलेंडरच्या मागे लिहिले.

सगळ्याला अडीच महिने लागले. आता झोपून १५६/८६, उभं राहून तीन मिनिटांनी १३६/७६. म्हणजे फरक अजून २० चा आहेच, कारण नसा तशाच आहेत. पण अंधारी येत नाही, पडणं थांबलंय, हाताची थरथर निम्म्याने कमी झालीय. झोपून १५६ पाहून मुलगा घाबरला होता. मॅडमनी समजावलं की या वयात अण्णांना पाय मोडून अंथरुणाला खिळण्याचा धोका जास्त जवळचा आहे. बीपीची गोळी मात्र पूर्ण काढली नाही, कारण झोपल्यावर बीपी फार चढलं तर रात्री लघवी वाढते आणि सकाळी अंग आणखी रिकामं होतं. त्याच कारणाने खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. सकाळी उठण्याआधी दोन ग्लास पाणी, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसणं, पंजे वरखाली करणं, मगच उभं राहणं. (हृदय किंवा किडनीच्या दुखण्यात पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, तिथे हे दोन ग्लास नकोत.)

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "ओपीडीत दीडशे पेशंट आहेत. पाच-पाच मिनिटं झोपवायला पलंग कुठाय?" खोटं नाही ते. पण सगळ्यांचं कुठे मोजायचंय? जो पडलाय, ज्याला उठताना चक्कर येते आणि ज्या सत्तरीपुढच्या माणसाची बीपीची गोळी वाढवायचीय, तेवढ्यांचंच मोजायचं. उपकेंद्रात मशीन आहे, नर्स आहे, बाक आहे. पाणी काढणाऱ्या गोळीवर असलेल्या म्हाताऱ्यांचं उन्हाळ्यात आणि जुलाब लागल्यावर आवर्जून मोजावं. शिबिरवाल्यांनीही फ्लेक्स एक कमी लावून दोन कॉट मागवाव्यात.

हे वाचून कुणी घरी वडिलांच्या गोळ्या काढून टाकायला बसू नका. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, क्लोनिडीन असल्या गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी आणि नाडी उसळते, जिवावर बेतू शकतं. घरी मशीन असेल तर आडवं आणि उभं असे दोन्ही आकडे तीन-चार सकाळी लिहा. उभं करताना कुणीतरी शेजारी हवं. तो कागद आणि गोळ्यांची सगळी पिशवी, आयुर्वेदिकसकट, एकाच डॉक्टरांसमोर ठेवा.