हायड्रोजन इलेक्ट्रॉन देतो का?

रासायनिक बंध शिकवून झाला की मी आठवीच्या मुलांना मूलद्रव्यांच्या जोड्या देते. बंध आयनिक की सहसंयुज ते ओळखायचं आणि इलेक्ट्रॉनांचं काय होतं ते दोन वाक्यांत लिहायचं. या वर्षी वह्या तपासताना हायड्रोजन आणि क्लोरीनच्या जोडीपुढे एका मुलीने लिहिलं होतं, "आयनिक बंध. हायड्रोजन एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो." मी लाल फुली मारली आणि पुढची वही घेतली.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. "बाई, सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन आहे, हायड्रोजनमध्येही एकच. मग सोडिअम देतो तर हायड्रोजन का नाही देत? आणि आम्लाच्या वेळी तुम्हीच फळ्यावर H⁺ लिहिलं होतंत."

मी म्हटलं, "अगं, हायड्रोजन अधातू आहे. अधातू-अधातू म्हणजे सहसंयुज."

"पण तो अधातू आहे हे कशावरून ओळखायचं? तक्त्यात तर तो सोडिअमच्याच रांगेत वर बसलाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मुलांना नियम दिला होता, कारण दिलं नव्हतं. तिने मात्र कारण शोधायचा प्रयत्न केला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही अणू शेजारी काढले आणि एकच प्रश्न विचारला: इलेक्ट्रॉन दिल्यावर मागे काय उरतं? सोडिअमचं संरूपण २, ८, १. शेवटचा इलेक्ट्रॉन गेला की २, ८ उरतं, म्हणजे निऑनसारखं पूर्ण अष्टक. हायड्रोजनचं संरूपण नुसतं १. तो गेला तर एकही इलेक्ट्रॉन उरत नाही, नुसतं केंद्रक उघडं पडतं. शिवाय हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळ असतो. तो काढायला सोडिअमच्या अडीचपटीहून जास्त ऊर्जा लागते. म्हणून क्लोरीनशी जुळताना हायड्रोजन इलेक्ट्रॉन सोडत नाही. दोघं एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. त्या जोडीमुळे हायड्रोजनचं द्विक पूर्ण होतं आणि क्लोरीनचं (२, ८, ७) अष्टक. दोघांची ओढ सारखी नसते, ती जोडी क्लोरीनकडे थोडी सरकलेली असते, पण भागीदारी मोडत नाही.

"मग H⁺?" हा प्रश्न राहिलाच होता. तो प्रयोगानेच सुटतो. मिठावर संहत सल्फ्युरिक आम्ल टाकलं की HCl वायू निघतो. हे खिडकीजवळ आणि शिक्षकानेच करायचं. वायूत कोरडा निळा लिटमस धरला, रंग बदलला नाही. तोच कागद ओला करून धरला, लगेच लाल झाला. म्हणजे HCl च्या रेणूत H⁺ आधीपासून नव्हता. पाणी भेटल्यावर रेणू तुटला, आणि तेव्हाही हायड्रोजन उघडा राहिला नाही. तो पाण्याच्या रेणूला चिकटून H₃O⁺ झाला. मिठाचं तसं नाही. त्याच्या कोरड्या खड्यातही Na⁺ आणि Cl⁻ असतातच, पाण्यात ते फक्त सुटे होतात.

एक अडचण सांगते. पावसाळ्यात हा प्रयोग फसतो. हवेतल्या ओलाव्याने 'कोरडा' कागदही लालसर होतो आणि मुलांचा उलटाच समज होतो. म्हणून वायू आधी निर्जल कॅल्शिअम क्लोराइड भरलेल्या नळीतून न्यावा आणि कागद डब्यातून आयत्या वेळी काढावा.

आता माझ्या स्वाध्यायात 'बंधाचा प्रकार' हा रकाना शेवटी येतो. आधी दोन्ही अणूंचं संरूपण, मग 'इलेक्ट्रॉन दिला तर काय उरेल, घेतला तर काय होईल', मग आकृती, आणि त्यानंतर बंधाचं नाव. मॅग्नेशिअम आणि क्लोरीनची जोडी आली की फायदा दिसतो. मॅग्नेशिअम (२, ८, २) दोन इलेक्ट्रॉन देणार आणि एक क्लोरीन एकच घेणार, म्हणून दोन क्लोरीन हवेत, हे मुलांना आपोआप सुचतं. MgCl₂ पाठ करावं लागत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ॲल्युमिनिअम (२, ८, ३) तीन इलेक्ट्रॉन देईल असं कागदावर दिसतं, पण निर्जल AlCl₃ सुमारे १८० अंश सेल्सिअसलाच घनातून थेट वायू होतो, आणि मीठ वितळायलाच ८०१ अंश लागतात. त्या वायूत सहसंयुज बंधांचे रेणू असतात. म्हणून ही जोडी मी आठवीच्या स्वाध्यायात देत नाही. कुणी विचारलंच तर 'धातू-अधातू म्हणजे आयनिक' हा नियम बहुतेक वेळा चालतो, नेहमी नाही, एवढं स्पष्ट सांगते.

त्या मुलीच्या वहीतली फुली मी खोडली नाही, कारण उत्तर चूकच होतं. पण शेजारी लिहिलं, "प्रश्न बरोबर आहे." आणि पुढच्या जोड्यांत सोडिअम-हायड्रोजन ही जोडी घातली. तिथे हायड्रोजन इलेक्ट्रॉन देत नाही, चक्क घेतो आणि H⁻ होतो. तिने ते पहिल्या झटक्यात बरोबर लिहिलं: "घेतल्यावर हायड्रोजनचं द्विक होतं, सोडिअमचं अष्टक उरतं. म्हणून आयनिक."