बदलीच्या पत्रातले आकडे

२०२३ च्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातून बंगळुरूच्या युनिटला माझी बदली ठरली. पत्रात स्थलांतराचा खर्च म्हणून एकच ओळ होती : दीड लाख रुपये, एकरकमी, पगारासोबत. घरातले सगळे खूश. मला मात्र त्यातला ‘पगारासोबत’ हा शब्द खटकला.

पगारात मिसळून आलेली रक्कम पगारच ठरते आणि तिच्यावर कर लागतो. माझं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात येतं. उपकर धरून ३१.२ टक्के गेले की दीड लाखांचे हातात येतात १ लाख ३ हजार. तेच पैसे सामान हलवण्याच्या आणि प्रवासाच्या प्रत्यक्ष बिलांवर मिळाले, तर जेवढा खर्च झाला तेवढ्यावर कर नाही, अगदी नव्या करप्रणालीतसुद्धा. म्हणून मी एचआरच्या मॅडमना म्हटलं, “रक्कम वाढवू नका, फक्त देण्याची पद्धत बदला.” कंपनीला जास्तीचा एक रुपयाही लागणार नव्हता, त्यामुळे हे दोन दिवसांत मान्य झालं. शिवाय सुरुवातीला हॉटेलचे १५ दिवस मागितले, कारण बदलीच्या वेळी कंपनीने दिलेल्या हॉटेलातल्या मुक्कामाला तेवढ्या काळापर्यंत कर लागत नाही.

सामानाची तीन कोटेशन्स आणून सगळ्यांत कमी असेल ते घ्यायचं, असा कंपनीचा नियम. सगळ्यांत कमी होतं त्यात विमा ‘समाविष्ट’ लिहिलेला होता. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक मागितला, तर पलीकडून “मॅडम, आमची गॅरंटी आहे ना!” पॉलिसी नव्हतीच. मधलं कोटेशन मंजूर करून घ्यायला तो एक ईमेल पुरला.

खरी घासाघीस झाली ती पगारावर. नाशिकला आम्ही १६ हजार भाडं देत होतो. युनिटजवळ तसंच दोन बेडरूमचं घर ३८ हजारांना होतं, म्हणजे महिन्याला २२ हजारांचा फरक, वर्षाला २ लाख ६४ हजारांचा. मी नवी करप्रणाली घेतलेली, त्यामुळे घरभाड्याची सूट नाही. करानंतर २ लाख ६४ हजार हातात उरायचे, तर पगार सुमारे ३ लाख ८४ हजारांनी वाढायला हवा होता. मॅडम म्हणाल्या, “अहो, घरभाडे भत्ता वाढवलाय की आम्ही!” पगाराचे जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवले. भत्ता वाढला होता खरा, पण बरोबर तेवढीच रक्कम विशेष भत्त्यातून कमी झालेली. वर्षाची बेरीज तीच. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात.

मग मी साहेबांना एक पान पाठवलं. त्यावर दोन्ही शहरांतलं भाडं, करानंतरचा फरक आणि तिथल्या तीन घरांच्या जाहिराती, एवढंच. महागाईबद्दल एक वाक्यही लिहिलं नाही. पूर्ण रक्कम मिळाली नाहीच. वर्षाला २ लाख ४० हजारांवर तडजोड झाली. त्यातले ९० हजार दोन वर्षांपुरता शहर भत्ता म्हणून देणार होते आणि उरलेले दीड लाख मूळ वेतनात घालावेत, असा मी आग्रह धरला. भत्ता मुदत संपली की बंद होतो. मूळ वेतनातली वाढ टिकते आणि ग्रॅच्युइटीही मूळ वेतन धरूनच मोजली जाते.

घरमालकाने सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, २ लाख २८ हजार. ते कंपनीने बिनव्याजी कर्जाऊ दिलं, बारा हप्त्यांत कापून घेण्याच्या बोलीवर. अशा कर्जात वाचलेल्या व्याजावर कर लागतो, पण ती रक्कम किरकोळ असते.

पत्रातलं शेवटचं कलम बहुतेक लोक वाचत नाहीत. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर स्थलांतराचा सगळा खर्च परत. म्हणजे तेविसाव्या महिन्यातही पूर्ण वसुली! मी तीन गोष्टी मागितल्या : मुदत एक वर्ष, रक्कम दर महिन्याला घटत जावी, आणि कंपनीनेच काढलं किंवा पुन्हा बदली केली तर वसुली नको. पहिल्या मागणीला नकार आला, पुढच्या दोन्ही मान्य झाल्या. सुधारित पत्र हातात पडेपर्यंत मी होकाराची सही केली नाही.

गाडीचे पैसे मात्र मिळाले नाहीत. एमएच १५ क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नाशिकच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, तिथली नवी नोंदणी आणि कर्नाटकचा रस्ता कर, सगळं आलं. नाशिकला भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर बीएच मालिकेचा क्रमांक घेता येतो. आमच्या कंपनीची तीनच राज्यांत आहेत. तुमच्या कंपनीची किती आहेत, ते बदलीच्या पत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या.