‘केले आहे’ आणि ‘करणार आहे’ : परदेशी प्रवेशासाठी उद्देशपत्र लिहिताना

आज आपण एक छोटा लेखनप्रकार पाहू. परदेशात एमएस्सीला अर्ज करताना ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात. आपण त्याला उद्देशपत्र म्हणू. एका पानाच्या या पत्राचे व्याकरणाच्या नजरेने दोनच भाग पडतात. आजवर काय केले आहे आणि पुढे काय करणार आहे. पहिल्या भागात पूर्ण वर्तमानकाळ लागतो, दुसऱ्या भागात भविष्यकाळाची रूपे.

माझ्याकडे इंग्रजीसाठी येणारी बरीच मुले मार्केट यार्ड, गुलटेकडी, बिबवेवाडी भागातली आहेत. त्यांतल्या एका मुलीचे उदाहरण घेते. तिच्या वडिलांचा यार्डात कांदा-बटाटा विभागात गाळा आहे. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाच्या दोन वर्षांच्या एमएस्सीसाठी तिला अर्ज करायचा होता. कर्ज काढावे लागणार होते आणि घरातून परवानगी एकाच अर्जापुरती मिळाली होती. आम्ही पत्र आधी मराठीत लिहिले. ते असे:

“मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून बीएस्सी पूर्ण केले आहे. लहानपणापासून मी मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाळ्यावर वडिलांना मदत करत आले आहे. साठवणीतला कांदा मोड येऊन किंवा सडून आला की वक्कलाचा भाव कसा पडतो, हे मी तिथे पाहिले आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये मी जुन्नर भागातल्या एका चाळीत दहा-दहा किलोच्या बारा जाळीच्या पिशव्या ठेवल्या आणि सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्यांचे वजन केले. सगळ्या पिशव्या सारख्या घटल्या नाहीत. चाळीच्या मधल्या पिशव्या जास्त सडल्या. त्याचे कारण मला अजून सापडलेले नाही. म्हणून या अभ्यासक्रमात मी साठवणीतली हवा आणि कांद्याला मोड येणे यांचा संबंध अभ्यासणार आहे. प्रबंधासाठी फलोत्पादन व उत्पादन-शरीरक्रिया गटात काम करायला मिळेल अशी आशा आहे. पदवी पूर्ण झाल्यावर मी पुण्यात परत येणार आहे आणि यार्डात माल आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या चाळींमध्ये हे मोजमाप पुन्हा करेन.”

आता हे इंग्रजीत नेताना मुले कुठे अडतात ते पाहा.

पहिली अडचण तारखेची. मराठीत ‘मी 2022 साली बीएस्सी पूर्ण केले आहे’ हे वाक्य बिनचूक आहे. ते जसेच्या तसे इंग्रजीत नेले तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन 2022’ असे होते आणि ते चूक ठरते. इंग्रजीत ‘हॅव’ आले की संपलेल्या काळाची तारीख त्या वाक्यात राहू शकत नाही. एकतर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’ म्हणा किंवा ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन 2022’. मुलांना मी सोपी खूण सांगते. वाक्यात ‘केव्हा?’चे उत्तर दिसले की ‘हॅव’ काढा. म्हणून वरच्या पत्रात पदवीपुढे साल नाही, ते गुणपत्रिकेत असतेच. पिशव्यांच्या प्रयोगाला मात्र एप्रिल-सप्टेंबर हवेच, कारण कांदा साठवणीत किती महिने होता हाच तिथे मुद्दा आहे. त्यामुळे त्या वाक्यात ‘ठेवल्या’, ‘केले’ असा साधा भूतकाळ आहे.

दुसरी अडचण ‘पासून’ची. आपण सहज म्हणतो, ‘मी पाच वर्षांपासून गाळ्यावर काम करत आहे.’ त्याचे मुले हमखास ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ करतात. इंग्रजीत हवे ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स’. यासाठी आपल्याच भाषेत एक चाचणी आहे. ‘करत आहे’च्या जागी ‘करत आले आहे’ किंवा ‘करत आलो आहे’ घालून पाहा. अर्थ बसला, तर इंग्रजीत ‘हॅव बीन’ येणार. ‘मी आत्ता जेवत आहे’ या वाक्यात ते बसत नाही, म्हणून तिथे ‘ॲम’च राहते. किती काळ हे सांगायचे तर ‘फॉर’, आणि कधीपासून हे सांगायचे तर ‘सिन्स’.

या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य मला वाटते ते ‘कारण मला अजून सापडलेले नाही’. इंग्रजीत ‘आय हॅव नॉट येट फाउंड द रीझन’. इथे ‘साधा भूतकाळ’ वापरला, ‘सापडले नाही’ एवढेच म्हटले, तर विषय तिथे संपतो. ‘अजून’ आणि पूर्ण वर्तमानकाळ मिळून शोध चालू ठेवतात, आणि पुढचे ‘म्हणून मी अभ्यासणार आहे’ त्यालाच जोडले जाते. मूल असे एकही ‘अजून नाही’ लिहू शकत नसेल, तर व्याकरण तपासण्याआधी त्याला विचारा, ‘हाच कोर्स का?’

आता भविष्यकाळ. मराठीत ‘येईन’ आणि ‘येणार आहे’ यांत फरक आहे, पण तो मुलांना सांगावा लागतो. पहिल्या मसुद्यात मुलीने ‘मी पुण्यात परत येईन’ लिहिले होते. तिच्या वडिलांनी ते वाचले आणि म्हणाले, “बाई, ‘उद्या पैसे घेऊन येईन’ असं तर रोज गिऱ्हाईक म्हणतं. तू येणार आहेस का, ते लिही.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “येणार आहे, बाबा,” आणि स्वतःच्या हाताने शब्द बदलला. ‘-णार आहे’मध्ये निर्णय झालेला असतो. ‘-ईन’मध्ये तयारी असते, पण थोडी मोकळीकही असते.

इंग्रजीत नेताना तीन पायऱ्या ठेवा. ठरवलेल्या बेतासाठी ‘आय प्लॅन टू’ किंवा ‘आय इंटेंड टू’. जे नक्की आपल्या हातात आहे त्यासाठी ‘आय विल’. जे दुसऱ्याच्या हातात आहे त्यासाठी ‘आय होप टू’. प्रबंधाला कोणता गट मिळेल हे विद्यापीठ ठरवते. तिथे ‘आय विल वर्क’ लिहिले तर आधीच गृहीत धरल्यासारखे दिसते. उलट प्रत्येक वाक्यात ‘होप’ आले, तर काहीच ठरलेले नाही असे वाटते. वरच्या पत्रात आशा एकदाच आहे.

शेवटची अडचण ‘तेव्हा’ची. ‘पदवी पूर्ण होईल तेव्हा मी परत येईन’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. इंग्रजीत ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही. ‘व्हेन आय कम्प्लीट द कोर्स, आय विल रिटर्न’ असे होते. मराठी मसुद्यातच ‘पूर्ण झाल्यावर’ लिहून घेतले, तर ही चूक होण्याचा संभव कमी होतो. म्हणूनच आम्ही ते तसे लिहिले.

वर्गात करून पाहण्यासाठी : मुलांना दहा ओळींचे उद्देशपत्र आधी मराठीत लिहायला सांगा. ‘आहे’ने संपणारी सगळी क्रियापदे निळ्या पेनाने आणि भविष्याची लाल पेनाने अधोरेखित करायला लावा. निळ्या वाक्यांत तारीख आणि ‘पासून’ शोधा. लाल वाक्यांपुढे ‘हे कोणाच्या हातात आहे?’ असे विचारा. इंग्रजी त्यानंतरच लिहायला घ्या.