शब्द आधी देवनागरीत हवेत

मराठी गाणे ऐकता ऐकता पडद्यावर शब्द वाचायला जावे, तर एका गाण्याला रोमन लिपी मिळते, दुसऱ्याला नुसती देवनागरी, तिसऱ्याला इंग्रजी भाषांतरही, आणि चौथ्याला काहीच नाही. हा ॲपचा लहरीपणा वाटतो, पण शब्द जोडलेले असतात ते गाण्याला नव्हे, ध्वनिमुद्रणाला. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा 12 अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. तेच गाणे दुसऱ्या कुणी गायले की क्रमांक बदलतो आणि आधीचे शब्द आपोआप सोबत येतीलच असे नाही. ते नव्याने पुरवावे लागतात, कधी कंपनीने, कधी एखाद्या श्रोत्याने. पुरवणाऱ्याने ते कोणत्या लिपीत टाइप केले, यावर पुढचे बरेच काही ठरते, असे माझे ठाम मत आहे.

मूळ मजकूर देवनागरीत असेल तर त्यातून रोमन रूप यंत्रही काढू शकते. उलट वाट मात्र अडते. `mala` एवढेच वाचून पाहा: मला, मळा, माळा की माला? ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद साध्या रोमनमध्ये एकदा पुसले गेले, की भाषांतर करणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो. यावर कुणी म्हणेल, देवनागरीही सगळे सांगत नाही. चहातला आणि चमच्यातला ‘च’ ती सारखाच लिहिते. खरे आहे. पण मराठी जाणणारा तो शब्दावरून ओळखतो, आणि शब्द ओळखण्यापुरते देवनागरीत शिल्लक असते. परदेशात वाढलेल्या, कानाने मराठी कळणाऱ्या मुलांना रोमन हवीच. पण ती देवनागरीतून उतरलेली हवी, तिच्या जागी आलेली नको.

भाषांतराचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे हक्क आडवा येतो. शब्द दाखवण्याची परवानगी म्हणजे भाषांतराची परवानगी नव्हे. गदिमा 1977 मध्ये गेले. आपल्या कायद्यातली साठ वर्षे धरली तर ‘गीतरामायणा’च्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत राहतो. मग ज्ञानेश्वर-तुकारामांच्या अभंगांना तरी भाषांतर सर्रास मिळावे, अशी शंका येते. तिथे हक्काची आडकाठी नाही, पण भाषा जुनी आहे. अभंगातले ‘नेणे’ म्हणजे ‘मी जाणत नाही’; आजच्या मराठीवर पोसलेले यंत्र त्याचा अर्थ ‘घेऊन जाणे’ असा लावू शकते आणि अज्ञानाची कबुली सामान वाहण्याची गोष्ट होऊन बसते. अशा ठिकाणी चुकीच्या भाषांतरापेक्षा भाषांतर नसलेले बरे. मात्र शब्द दाखवण्याची परवानगी असताना देवनागरी शब्दच नसणे याला ना हक्काची सबब आहे ना भाषेची. गाणे प्रसिद्ध करतानाच गीतकाराची संहिता देवनागरीत, भाषा ‘मराठी’ अशी नोंदवून दिली, तर बाकीचे पर्याय मागाहून जोडता येतात.